ऑफिस नसलेल्या कंपनीची ओळख कशी घडवावी? चित्रफीत करावी की आधी दुसरे काही?

मेघना_क

नमस्कार. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते. आम्ही रुग्णालयांसाठी बिलिंगची प्रणाली तयार करतो. नोंदणी पुण्याची असली तरी बाणेरचे ऑफिस आम्ही २०२१ मध्ये सोडले आणि आता ५४ जण सांगली, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, बंगळूर अशा ठिकाणांहून काम करतात. दोघे टोरांटोत आहेत. सगळे एकत्र भेटलो ते आतापर्यंत एकदाच.

अडचण दोन बाजूंनी आहे. गेल्या वर्षी ज्या ११ जणांनी आमचे ऑफर लेटर स्वीकारले, त्यांपैकी ४ जण रुजूच झाले नाहीत. जे रुजू झाले त्यांपैकी तिघे सहा महिन्यांच्या आत गेले आणि जाताना तिघांनीही जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: "काम ठीक होते, पण मी नेमका कोणत्या कंपनीत आहे हे मला कधी जाणवलेच नाही." एकाने तर सांगितले की त्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे एक लॅपटॉप, एक व्यवस्थापक आणि महिन्याच्या शेवटी येणारा पगार, एवढेच होते.

आमच्या संचालकांचे मत असे आहे की एम्प्लॉयर ब्रँडवर खर्च करावा: एक चांगली चित्रफीत, करिअर पानाची नवी मांडणी, टी-शर्ट आणि लिंक्डइनवर नियमित लेखन. मला हे उलट्या क्रमाने चालल्यासारखे वाटते, परंतु का, ते नीट मांडता येत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी

मेघनाताई, मी ब्रँडिंगच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे संचालकांची बाजू थोडी मांडतो. उमेदवाराला तुमची इमारत दिसत नाही, स्वागतकक्ष दिसत नाही, जेवणाच्या सुट्टीत हसणारी माणसे दिसत नाहीत. त्याला दिसते ते फक्त संकेतस्थळ. तेव्हा माणसांचे चेहरे दाखवणे आवश्यकच आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्यातून दोन पोस्टचा मजकूर तयार करून द्यावा आणि सगळ्यांना अँबिशनबॉक्स व ग्लासडोअरवर चांगला अभिप्राय लिहायला सांगावे. एका आठवड्यात गुण चारच्या वर जातील, हे मी स्वतः पाहिले आहे.

संत्रानगरी

माझा प्रश्न साधा आहे. माणसांना ऑफिसात बोलवण्यात अडचण काय आहे? मी कारखान्यात ३१ वर्षे नोकरी केली. आमच्याकडे कंपनीची ओळख वगैरे कोणी घडवली नाही. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात पाळी बदलताना गेटपाशी उभा राहिला की त्याला सगळे समजत असे: कोण कोणाला नमस्कार करतो, मशीन बंद पडल्यावर फोरमन आधी मशीनकडे धावतो की माणसाकडे. घरी बसून हे कसे समजणार?

मेघना_क

संत्रानगरी काका, ऑफिसात परतण्याचा पर्याय आमच्यापुढे नाही. निम्म्याहून अधिक लोक पुण्यात राहतच नाहीत आणि घरून काम करता येते म्हणूनच ते आमच्याकडे आले. परंतु फोरमनचे आपले उदाहरण माझ्या डोक्यात राहिले आहे.

अनवट

ते डोक्यात राहायलाच हवे, कारण काकांनी प्रश्न चुकीचा वाचला असला तरी उत्तर तेच आहे. मी गेली नऊ वर्षे ऑफिस नसलेल्या दोन कंपन्यांमध्ये हेच काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कारखान्यातील त्या नव्या मुलाला कोणी मूल्ये शिकवली नाहीत. अडचणीच्या वेळी वरची माणसे काय करतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले. दूरस्थ कंपनीत निर्णय तसेच होतात, फोरमन मशीनकडे किंवा माणसाकडे धावतोच, पण ते तिघाचौघांच्या खाजगी गप्पेत घडते आणि उरलेल्या पन्नास जणांना त्याचा फक्त निकाल कळतो. म्हणून त्या तिघांना कंपनी जाणवली नाही. ती अस्तित्वात होती, त्यांना दिसत नव्हती इतकेच.

पहिले काम करायचे ते मोजणीचे. तुम्ही संदेशांसाठी स्लॅक वापरत असाल तर प्रशासकाच्या आकडेवारीत सार्वजनिक चॅनेल, खाजगी चॅनेल आणि थेट संदेश यांचे प्रमाण दिसते. मजकूर दिसत नाही, फक्त प्रमाण दिसते, त्यामुळे कोणाच्या खाजगीपणाला धक्का लागत नाही. मात्र ते प्रमाण लक्ष्य म्हणून जाहीर करू नका. मी एकदा ती चूक केली आणि पंधरा दिवसांत सार्वजनिक चॅनेलवर "धन्यवाद" आणि "पाहतो" यांचा पूर आला. आजारपण, पगार, कोणाच्या कामाबद्दलची तक्रार या गोष्टी खाजगीच राहायला हव्यात. प्रश्न एवढाच आहे की कामाचे निर्णय कुठे होतात.

दुसरे काम असे. मागच्या दीड वर्षातील पाचसहा असे निर्णय शोधा, ज्यांत कंपनीला काहीतरी गमवावे लागले. पैसा, ग्राहक, मुदत, चांगला माणूस, काहीही चालेल. प्रत्येकावर एकच पान लिहा: काय घडले, कोणते पर्याय होते, निर्णय कोणी घेतला आणि त्यापायी काय गेले. "आम्ही प्रामाणिक आहोत" हे वाक्य कोणतीही कंपनी लिहू शकते, पण प्रामाणिकपणापायी काय गमावले हे ज्याने गमावले तोच लिहू शकतो. ही पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली की तुमची अंतर्गत ओळख काय आहे ते दिसू लागते. ती आवडेलच असे मात्र नाही.

दर्यावर्दी

तत्त्वतः मान्य आहे. पण हे सगळे आतल्या आत झाले. बाहेरच्या उमेदवाराला या पानांचा काय उपयोग?

अनवट

त्यासाठी गिटलॅब या ऑफिस नसलेल्या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण पाहा, कारण ते सगळे उघड्यावर घडले. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर मुख्य डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी काढून टाकायला सुरुवात केली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. त्याहून वाईट म्हणजे बॅकअपच्या वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे तेव्हा उघडकीस आले. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली, म्हणून बाकीचे वाचले.

हे सर्व त्यांनी लपवले नाही. चालू नोंदींचा दस्तऐवज सर्वांसाठी खुला केला आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले. त्या नोंदींत चूक करणाऱ्याचे पूर्ण नाव नव्हते, आधी फक्त आद्याक्षरे आणि नंतर "टीम-मेंबर-१" असा उल्लेख होता, आणि त्याला कामावरून काढले गेले नाही. आता विचार करा, घरी बसून हे पाहणाऱ्या त्यांच्याच कर्मचाऱ्याला काय समजले असेल? मशीन बंद पडल्यावर फोरमन कुणीकडे धावला, ते त्याने पाहिले. आणि बाहेरच्या उमेदवाराने त्याच वेळी तेच पाहिले. आतली ओळख आणि बाहेरची ओळख यांसाठी दोन वेगळे मजकूर लिहावे लागले नाहीत.

त्याला मर्यादाही आहे. सगळेच उघड करता येत नाही. गिटलॅबची कामकाजाची पुस्तिका संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते, तरीही कर्मचाऱ्यांपुरते काही भाग त्यांनी वेगळे ठेवले आहेत. तुम्ही रुग्णालयांसोबत काम करता, म्हणजे तुमच्यावर बंधने अधिक असणार.

कृष्णाकाठ

मी सांगलीहून बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. विषयाला थोडा सोडून वाटेल, पण माझी बाजू सांगतो.

मी या नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा घरातला पहिला प्रश्न "ऑफिस कुठे आहे?" हा होता. घरबसल्या नोकरीच्या नावाखाली नोंदणी शुल्क घेऊन पसार होणाऱ्यांच्या बातम्या वडिलांनी वाचल्या होत्या. पुढे लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामांनी तोच प्रश्न विचारला, आणि गृहकर्जाच्या वेळी बँकेतल्या साहेबांनीही. या तिन्ही वेळी कंपनीची चित्रफीत माझ्या काही उपयोगाची नव्हती. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, फॉर्म १६, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावरचे पत्र आणि दूरध्वनी केल्यास उचलणारा एक माणूस, या गोष्टी उपयोगी पडल्या. मामांशी तर आमच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी स्वतः दहा मिनिटे बोलून घेतले. माझ्या घरात कंपनीची जी काही प्रतिष्ठा आहे ती त्या दहा मिनिटांची आहे.

आणि दर्यावर्दी, अभिप्रायांबद्दल एक सांगतो. आम्ही उमेदवार गुण पाहत नाही, तारखा पाहतो. एकाच आठवड्यात चौदा जणांनी पाच तारे दिले असतील तर त्या आठवड्यात कोणीतरी सांगितले होते हे उघड असते. त्यानंतर आम्ही थेट तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचतो, कारण खरी माहिती तिथे असते.

दर्यावर्दी

तारखांचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तो मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. चेहरे दिसायला हवेत यावर मात्र मी ठाम आहे.

अनवट

चेहऱ्यांबाबत तुमचे बरोबरच आहे. फक्त तयार मजकूर देऊ नये. ज्या अभियंत्याने एखादा किचकट प्रश्न सोडवला, त्याला त्याच्या भाषेत त्यावर लिहू द्यावे आणि त्यासाठी कामाच्या वेळेतले चार तास द्यावेत. वर्षातून असे सहा लेख झाले तरी पुष्कळ झाले.

कृष्णाकाठ यांनी लिहिले ते मी माझ्या लेखनात विसरलो होतो. मेघनाताई, तुमचे ते चार न आलेले लोक मला वाटते इथेच सापडतील. त्यांची नोटीस किती दिवसांची होती?

मेघना_क

तिघांची ९० दिवस आणि एकाची ६० दिवस. त्या काळात आम्ही दर पंधरवड्याला "आपली आतुरतेने वाट पाहत आहोत" अशा आशयाचा ईमेल पाठवत होतो.

अनवट

नव्वद दिवस म्हणजे त्या माणसाच्या हातात तुमचे पत्र घेऊन इतर कंपन्यांशी पगाराची घासाघीस करायला तीन महिने. ऑफिस असलेल्या कंपनीत तो निदान मुलाखतीच्या निमित्ताने एकदा येऊन गेलेला असतो, दोन माणसांना भेटलेला असतो. तुमच्याकडे तो एका पडद्याला नाही म्हणतो, आणि पडद्याला नाही म्हणणे फार सोपे असते.

आमच्याकडे आम्ही ते ईमेल बंद केले आणि तीन गोष्टी सुरू केल्या. स्वीकृतीनंतरच्या आठवड्यात त्याच्या भावी सहकाऱ्याशी अर्ध्या तासाची भेट, जिच्यात मनुष्यबळ विभाग किंवा व्यवस्थापक नसतो. साधारण चाळिसाव्या दिवशी निर्णयांच्या पानांपैकी दोन पाने, ग्राहकाचे नाव काढून, त्याला वाचायला द्यायची आणि तो त्या जागी असता तर काय केले असते हे विचारायचे. आणि लॅपटॉप रुजू होण्याच्या सात दिवस आधी घरी पोहोचवायचा, कारण पहिल्याच दिवशी कुरिअरची वाट पाहत बसलेला माणूस कंपनीबद्दलचे पहिले मत तिथेच बनवतो. एवढे करूनही काही जण येत नाहीत. पगारात मोठा फरक असेल तर पाने वाचून कोणी थांबत नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही करू नये.

रुजू झाल्यावर पंचेचाळिसाव्या दिवशी एकच प्रश्न विचारा: "मुलाखतीत सांगितले त्यापेक्षा इथे वेगळे काय आढळले?" जे उत्तर दोनतीन जणांकडून पुन्हा येईल, ते तुमच्या करिअर पानावर चुकीचे लिहिलेले आहे असे समजा. आमच्या जाहिरातीत "लवचीक वेळ" असे होते. प्रत्यक्षात दुपारी २ ते संध्याकाळी ६ सर्वांनी उपलब्ध असणे बंधनकारक होते आणि रोज काय झाले ते चार ओळींत लिहावे लागत असे. आम्ही जाहिरातीत तसेच लिहिले. अर्ज घटले, वरिष्ठांना धक्का बसला, परंतु चौथ्या आठवड्यात येणारी "हे मला सांगितले नव्हते" ही तक्रार थांबली.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीहून एका भारतीय कंपनीसाठी काम करते. अनवट यांचे बरेचसे पटते, पण एका गोष्टीवर कोणी बोलले नाही. कंपनी विखुरलेली असली तरी एका शहरात दहाबारा जण असतातच. तुमच्या बाबतीत ते पुण्यात असतील. ते महिन्यातून एकदा मिसळ खायला भेटतात, त्यात काही गैर नाही, परंतु हळूहळू खरी कंपनी तीच होते आणि बाकीचे तिचे गिऱ्हाईक होतात. आमच्याकडे वार्षिक भेटीनंतर चॅनेलवर तीनशे छायाचित्रे आली. मी त्या वेळी बाळंतपणाच्या रजेवर होते. त्या छायाचित्रांमुळे मला जितके परके वाटले तितके वर्षभर न भेटूनही वाटले नव्हते. त्याहून वाईट म्हणजे पुढे दोन महिने "तेव्हा ठरलं होतं ना" हे वाक्य ऐकावे लागले. कुठे ठरले आणि कोणी ठरवले, याची नोंद कुठेच नव्हती.

मेघना_क

आमचे नेमके असेच आहे. पुण्यात १३ जण आहेत आणि संचालक त्यांच्यासोबत असतात.

अनवट

यावर मला खात्रीलायक उपाय सापडलेला नाही. भेटीत जे ठरेल ते दोन दिवसांत लिहिले गेले नाही तर ते ठरलेच नाही, असा नियम आम्ही केला आणि तो बऱ्यापैकी चालला. शहरातल्या गटाने भेटूच नये असे सांगणे मूर्खपणाचे आहे. वर्षातून एक तीन दिवसांची भेट करावी की दर तिमाहीला लहान लहान गट जमवावेत, याबद्दल मी स्वतः दोनदा मत बदलले आहे. एवढे मात्र सांगतो की तीन दिवसांत सादरीकरणे ठेवू नका. ती घरी बसूनही पाहता येतात. वाद असलेला एखादा निर्णय घ्या आणि त्यावर समोरासमोर भांडा. लिखित स्वरूपात भांडण लवकर कडू होते.

हडसनकाठी

लहान गटांना माझा विरोध राहील, कारण व्हिसा आणि विमानाचे भाडे पाहता माझ्यासारख्यांना एकच भेट शक्य असते. पण तो माझा स्वार्थ आहे हे मान्य करते.

संत्रानगरी

बेसकॅम्पबद्दल माझ्या मुलाने सांगितले. घरून काम कसे करावे हे जगाला शिकवणारी कंपनी, आणि तिथलीच माणसे मोठ्या संख्येने सोडून गेली म्हणे. मग या लिहिण्यावाचण्याचा उपयोग काय?

अनवट

काका, ते एप्रिल २०२१ मध्ये घडले. ग्राहकांच्या नावांची थट्टा करणारी एक जुनी यादी आत फिरत होती. त्यावरून कर्मचाऱ्यांत चर्चा सुरू झाली, ती वाढली, आणि संस्थापकांनी कामाच्या साधनांवर सामाजिक व राजकीय चर्चा बंद केल्याचे जाहीर केले. सुमारे साठ जणांच्या कंपनीतून जवळपास एक तृतीयांश लोक मोबदला घेऊन बाहेर पडले. तिथे लिहिण्याची उणीव नव्हती. माझ्या वाचनाप्रमाणे, बाहेर लिहिणारे मुख्यतः संस्थापक होते आणि आतल्यांनी स्वतःचे लिहायला सुरुवात करताच दार लावले गेले. त्या निर्णयाचे समर्थन करणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे मी यावर अधिक बोलत नाही.

मेघना_क

पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे.

मोजणी केली. शंभरातले ७१ संदेश थेट खाजगी होते. सार्वजनिक चॅनेलवरचे जे होते त्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छाच अधिक होत्या.

त्यानंतर निर्णय शोधायला बसले. पहिले पान सहज मिळाले. दीड वर्षापूर्वी एका रुग्णालय समूहाने मागील तारखेने बिल तयार करण्याची सोय मागितली होती. संचालकांनी नकार दिला आणि ते कंत्राट गेले. आमच्यासाठी ती लहान रक्कम नव्हती. ही गोष्ट फक्त चौघांना ठाऊक होती. पान लिहून सर्वांसमोर ठेवले, तेव्हा कोल्हापूरच्या एका मुलाने खाली लिहिले की ज्या आठवड्यात त्याचा मोड्यूल अचानक रद्द झाला त्याचे कारण त्याला आज समजले. इतके दिवस त्याला वाटत होते की त्याचे काम निकृष्ट होते. ते वाचून मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या पानावर गाडी अडली आहे. नाशिकच्या आमच्या सपोर्टमधल्या मुलीने एका शुक्रवारी संध्याकाळी नवी आवृत्ती पाठवणे थांबवले, कारण तिला सवलतीच्या हिशेबात चूक दिसली होती. चूक खरी निघाली. परंतु त्याच रात्री संचालकांनी तिला खाजगी संदेशात "हा तुझा अधिकार नाही" असे सुनावले होते आणि ते शब्द त्यांनी आजवर मागे घेतलेले नाहीत. मी हे पान लिहिले आहे. तिची परवानगी घेतली आहे. संचालक म्हणतात की पहिले पान करिअर पानावर टाकू आणि दुसरे राहू दे.

दर्यावर्दी

पहिले पान बाहेर टाकायला हरकत काय आहे? ते खरे आहे.

कृष्णाकाठ

खरे आहे, पण ते वाचून मी रुजू झालो आणि तिसऱ्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी मला चूक दिसली, तर काय होईल हे त्या पानावर नाही.

अनवट

दुसरे पान निदान आतल्यांसमोर येईपर्यंत पहिले बाहेर टाकू नका, असा माझा आग्रह राहील. संचालकांना लेखी विचारण्याऐवजी प्रत्यक्ष भेटून विचारा. हा विषय संदेशातून सुटणार नाही. आणि पान त्यांच्याकडूनच लिहून घेता येते का ते पाहा. त्यांनी "मी त्या रात्री चुकलो" असे एक वाक्य स्वतः लिहिले तर त्या पानाचा अर्थच बदलेल.

मेघना_क

येत्या गुरुवारी ते पुण्यात आहेत. मी सांगलीहून जाऊन भेटते. नाशिकच्या मुलीलाही बोलवावे का, हे अजून ठरत नाही. तिने यावे असे मला वाटते, ती म्हणते की तिला त्या खोलीत बसायचे नाही.

हडसनकाठी

तिला बोलवू नका. तिने जे करायचे ते त्या शुक्रवारीच केले आहे.